‘जवळची शाखा शोधा’ हे पान बांधताना

फ्रँचायझीच्या शाखा वीस-पंचवीसच्या पुढे गेल्या की वेबसाइटवर ‘जवळची शाखा शोधा’ असं बटण हवंसं वाटू लागतं. वेबसाइट करणारी मंडळी पहिल्याच बैठकीत नकाशा दाखवतात. महाराष्ट्रभर लाल टिकल्या पसरलेल्या दिसतात, मालक खूश होतात आणि काम पुढे सरकतं. टिकली जिथे आहे तिथे दुकान खरंच आहे का, फोन लावला तर कोण उचलतं आणि आत्ता शटर उघडं आहे का, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकाला तर एवढंच जाणून घ्यायचं असतं. म्हणून नकाशा सध्या बाजूला ठेवू. सगळं काम एका तक्त्यापासून सुरू होतं आणि बहुतेक चुकाही तिथेच जन्माला येतात.

उदाहरणासाठी समजा, पुण्यात मुख्य कार्यालय असलेली अमृततुल्य चहाची एक साखळी आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर मिळून चाळीसेक शाखा आहेत. त्यातली कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळची एक शाखा घेऊ. वेबसाइटवर तिचा पत्ता ‘कर्वे रोड, पुणे ३८’ असा आहे. गुगल मॅप्सवर फ्रँचायझी घेणाऱ्यानं स्वतःच नोंद केलेली आहे, तिथे ‘कर्वे पुतळा, कोथरूड’ असं लिहून स्वतःचा मोबाइल नंबर दिला आहे. घरपोच मागवायच्या अॅपवर तिसराच नंबर आहे, कारण ती नोंद आधीच्या मॅनेजरनं केली होती. तिन्ही ठिकाणच्या वेळाही वेगळ्या. यातली एकही नोंद कुणी मुद्दाम चुकीची केलेली नाही. प्रत्येकानं आपापल्या वेळी, आपल्याजवळ होतं ते भरलं.

यावर इलाज एकच. मुख्य कार्यालयात एक मूळ तक्ता असावा आणि त्यात एका शाखेला एकच ओळ असावी. वेबसाइट, गुगलची नोंद, अॅपवरची माहिती, दुकानाच्या दारावरची पाटीसुद्धा त्या ओळीवरून तयार व्हावी. बदल करायचा तर आधी ओळीत करायचा, मग बाकी ठिकाणी. चाळीस शाखांना साधी एक्सेल किंवा गुगल शीट पुरते. महागडं सॉफ्टवेअर घ्यायची घाई नको.

त्या ओळीत सर्वांत आधी शाखेचा कोड येतो. इथे पहिल्याच पावलाला लोक अडकतात, कारण कोडमध्ये गाव घालायचा मोह होतो: PUN-07, AUR-02, AHM-01. मग औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर होतं, अहमदनगरचं अहिल्यानगर होतं आणि AUR हा कोड बिलांच्या मशीनपासून वेबसाइटच्या पत्त्यापर्यंत सगळीकडे रुतून बसलेला असतो. कोड कोरा असावा, म्हणजे १०१७ सारखा नुसता आकडा, ज्यातून काहीच सांगायचं नाही. दुकान बंद झालं तरी तो आकडा दुसऱ्या शाखेला द्यायचा नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये ‘स्टोअर कोड’ नावाचा रकाना असतो, त्यातही हाच आकडा भरावा. त्यामुळे दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहणं दहा मिनिटांचं काम होतं.

पत्त्याच्या बाबतीत एक गैरसमज आधी दूर करतो. ‘रोड’ लिहिलं की ‘रस्ता’, ‘शॉप नं.’ लिहिलं की ‘दुकान क्र.’ यावर रात्री जागवायची गरज नाही. असले फरक माणसालाही कळतात आणि गुगललाही. बिघाड होतो तो दुकानाचा क्रमांक, पिन कोड, फोन आणि नकाशावरची जागा यांत फरक पडला तर. ‘पुणे ३८’ ही आपली जुनी सवय आहे, पोस्टमनलाही ती कळते. पण तक्त्यात सहाही आकडे हवेत, ४११०३८. पत्त्याचे तुकडे वेगवेगळ्या रकान्यांत भरावेत: दुकान क्रमांक आणि इमारत, रस्ता, परिसर, शहर, पिन. खूण, म्हणजे ‘अमुक बँकेच्या शेजारी’, ही स्वतंत्र रकान्यात. आपल्याकडे माणूस खुणेवरच पोहोचतो, म्हणून ती हवीच, पण बँक उद्या हलली तर मूळ पत्त्याला हात न लावता बदलता यायला हवी. आणि शाखेचं नाव म्हणजे पाटीवर आहे तेवढंच. ‘अमुक चहा, कोथरूडमधला सर्वोत्तम अमृततुल्य’ असं नाव गुगलच्या नियमांत बसत नाही आणि तक्रार झाली तर नोंद निलंबित होऊ शकते.

आता नकाशावरची जागा. अक्षांश-रेखांश काढायचा आळशी मार्ग म्हणजे सगळे पत्ते एखाद्या सेवेला देऊन आकडे मागवणं. आपले पत्ते घरक्रमांकांच्या सरळ ओळीवर चालत नाहीत, त्यामुळे इमारत सापडली नाही की ती सेवा गुपचूप परिसराचा मध्यबिंदू देऊन मोकळी होते. हे ओळखायची खूण सोपी आहे: दोन वेगवेगळ्या शाखांचे आकडे तंतोतंत सारखे आले, तर दोन्ही चुकीचे. खात्रीचा मार्ग म्हणजे शाखेतल्या माणसानं दुकानाच्या दारात उभं राहून मॅप्समध्ये त्या जागेवर बोट दाबून धरायचं आणि येणारे आकडे पाठवायचे. इमारतीच्या मध्यावर नाही, दारात. कॉम्प्लेक्सला दोन रस्त्यांवर तोंडं असतील तर चुकीच्या बाजूची टिकली गिऱ्हाइकाला दुभाजकापलीकडे नेऊन सोडते. दशांशचिन्हानंतर पाच आकडे ठेवावेत. पाचव्या आकड्यानं साधारण एका मीटरचा फरक पडतो, दुसऱ्यानं जवळजवळ एका किलोमीटरचा. म्हणून १८.५० आणि ७३.८२ एवढंच भरलेली ओळ म्हणजे ‘कोथरूडमध्ये कुठेतरी’.

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही तर नेहमीची चूक. पुण्याचे आकडे उलटे भरले तर टिकली नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. महाराष्ट्रातली शाखा असेल तर अक्षांश साधारण १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ यांच्या आतच असायला हवा. शीटमध्ये एवढी अट घातली की ही चूक आपोआप लाल होते.

एक्सेल आणखी एक खोडी करतं. लँडलाइनचा ०२० लिहिला की पुढचं शून्य गिळतं आणि देशाच्या क्रमांकासह दहा आकडी मोबाइल लिहिला की 9.19E+11 असं काहीतरी दाखवतं. फोन, पिन आणि कोड हे रकाने माहिती भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. नंतर केले तर गेलेलं शून्य परत येत नाही.

वेळा हा सगळ्यांत नाजूक रकाना. ‘सकाळी साडेसहा ते रात्री दहा’ असं एका डब्यात लिहून भागत नाही. वारानुसार सात रकाने हवेत आणि प्रत्येक वाराला एकापेक्षा जास्त खेपा मांडता यायला हव्यात. पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवण्यावर विनोद पुष्कळ झाले, पण कोथरूडची ही शाखा खरोखर एक ते साडेतीन बंद असेल, तर तक्त्यानं ते सांगायला हवं. शाखेच्या पानात शोधयंत्रांना वाचता येईल अशी जी माहिती घालतात, तिच्यात ही दुपारची सुट्टी अशी येते, त्याच वारांच्या दोन खेपा करून:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "CafeOrCoffeeShop",
  "name": "पाटीवरचं नाव",
  "branchCode": "1017",
  "url": "https://example.com/stores/pune/karve-putala/",
  "telephone": "+91XXXXXXXXXX",
  "openingHoursSpecification": [
    {
      "@type": "OpeningHoursSpecification",
      "dayOfWeek": ["Monday", "Tuesday", "Wednesday"],
      "opens": "06:30", "closes": "13:00"
    },
    {
      "@type": "OpeningHoursSpecification",
      "dayOfWeek": ["Monday", "Tuesday", "Wednesday"],
      "opens": "15:30", "closes": "22:00"
    }
  ]
}
```

इथे जागेअभावी तीनच वार दिले आहेत. पूर्ण पत्ता आणि अक्षांश-रेखांशही याच चौकटीत `address` आणि `geo` या नावांनी येतात. ही चौकट हातानं लिहू नये. ती तक्त्याच्या ओळीवरूनच तयार झाली पाहिजे, नाहीतर पानावर एक वेळ आणि चौकटीत दुसरी असं होतं, आणि पानावर न दिसणारी चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

सणांच्या वेळा वेगळ्या मांडाव्यात आणि त्यांना तारीख असावी. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडजवळच्या शाखेचा विचार करा. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रस्ते वाहनांना बंद असतात, पण चहाचं दुकान रात्रभर उघडं असू शकतं. त्याच दिवशी कोथरूडची शाखा कदाचित दुपारीच बंद होईल, कारण माणसं मिरवणुकीला जातात. ‘सर्व शाखा गणेशोत्सवात सुरू’ अशी सरसकट पट्टी लावली की या दोन्ही शाखांबद्दल आपण चुकीचं सांगतो.

तक्ता एवढा झाला की शहरांची पानं बांधायला घ्यावीत. इथला मोह उलट दिशेचा असतो. एजन्सी म्हणते, महाराष्ट्रातल्या दोनशे गावांची पानं करून टाकू, गावाचं नाव फक्त बदलायचं, शोधात वर येऊ. जिथे शाखाच नाही त्या गावाचं पान उघडून माणसाला काय मिळणार? गुगलच्या नियमांत अशा पानांना स्पॅमच्या यादीत जागा आहे. त्यापुढे जाऊन सांगायचं तर सोलापूरचा माणूस ‘सोलापूरमधील आमच्या शाखा’ असं वाचून पान उघडतो आणि खाली पुण्याचा पत्ता बघतो, तेव्हा तो पुन्हा आपल्या साइटवर येत नाही. शाखा नसेल तर पान नाही, हा नियम मोडू नये.

शाखा असलेल्या शहराच्या पानावर काय असावं, तर त्या शहरात दुकान निवडायला उपयोगी पडेल ते. पुण्याच्या पानावर पंधरा शाखांची नुसती अकारविल्हे यादी निरुपयोगी आहे. परिसरानुसार गट हवेत: पेठा आणि डेक्कन, कोथरूड-कर्वेनगर, सिंहगड रोड, हडपसर, असे. प्रत्येक शाखेच्या नावाखाली खूण, आज किती वाजेपर्यंत उघडी आहे ते, फोन आणि रस्ता दाखवायचा दुवा. ज्या एक-दोन शाखांत बसायला जागा आहे किंवा ज्या पहाटे उघडतात, त्या वेगळ्या दाखवाव्यात. स्टेशनजवळची कोणती, चारचाकी लावता येते अशी कोणती, हे एका वाक्यात सांगावं. ही वाक्यं शाखेवर जाऊन आलेल्या माणसानंच लिहावीत. ‘सांस्कृतिक राजधानी असलेल्या पुणे शहरात आम्ही अभिमानाने’ अशी सुरुवात दिसली तर ती सरळ खोडावी.

शहराची हद्द महापालिकेच्या नकाशावरून ठरवू नये. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, पण तिथे राहणारी कितीतरी मंडळी आपण पुण्यात राहतो असंच सांगतात. यावरचा तोडगा असा: शाखेचं पान एकच, एका कायमच्या पत्त्यावर, समजा पिंपरी-चिंचवडच्या खाली, पण यादीत ती पुण्याच्या पानावरही दिसावी आणि दोन्हीकडचा दुवा त्याच पानावर जावा. दोन शहरांखाली दोन सारखी पानं केली तर पुढच्या बदलाच्या वेळी एक दुरुस्त होतं आणि दुसरं जुनं राहतं.

अहिल्यानगरमध्ये आपल्या साखळीची एकच शाखा आहे. तिथे शहराचं पान आणि शाखेचं पान यांत मजकूर जवळपास तोच येणार. मी असं करीन: शहराचा पत्ता `/stores/ahilyanagar/` राखून ठेवायचा, पण सध्या तो तात्पुरता, म्हणजे 302 नं, शाखेच्या पानाकडे वळवायचा. दुसरी शाखा उघडली की वळण काढायचं आणि शहराचं खरं पान लावायचं. शाखेच्या पानाचा पत्ता त्यात बदलत नाही, हे महत्त्वाचं.

नावं बदललेल्या शहरांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या साखळ्यांना हा प्रश्न हमखास येतो. पानाचं शीर्षक आणि पत्ता नव्या नावानं असावा. जुना पत्ता कायमचा, म्हणजे 301 नं, नव्याकडे वळवावा. पण लोकांच्या बोटांना जुनं नाव पटकन येतं. ते टाइप करणाऱ्यालाही शाखा सापडली पाहिजे. त्यासाठी पानावर जुनं नाव एकदा साध्या वाक्यात यावं आणि शोधाच्या चौकटीला दोन्ही नावं ठाऊक असावीत. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, म्हणून साखळी महाराष्ट्राबाहेर गेली तर राज्याचं नावही सोबत लागेल.

याच कारणानं तक्त्याला जोडून पर्यायी नावांची एक छोटी यादी करावी. कोथरूड, कोथरुड, Kothrud, Kothrood. डोंबिवली, डोंबिवलि, Dombivli, Dombivali. शोधाच्या चौकटीत लोकांनी काय टाइप केलं आणि काहीच सापडलं नाही, याची नोंद ठेवली की ही यादी आपोआप भरत जाते. त्या नोंदीतून आणखी एक गोष्ट मिळते: शाखा नसलेल्या कोणत्या गावातून मागणी येते आहे. नवी फ्रँचायझी कुठे द्यायची याचा त्याहून स्वस्त अंदाज दुसरा नाही.

आता नकाशा आणि शोध. पान उघडताक्षणी ‘तुमचं ठिकाण सांगू का’ असं विचारणारी खिडकी टाकू नये. आपण कोण, काय, हे कळायच्या आत माणूस ‘नाही’ म्हणतो, आणि एकदा नकार दिला की ब्राउझर पुन्हा सहजासहजी विचारू देत नाही. ‘माझ्या जवळची शाखा’ हे बटण माणसानं स्वतः दाबल्यावरच परवानगी मागावी. नकार आला तर पिन कोड किंवा परिसराचं नाव टाकायची चौकट समोर असावीच.

जवळची शाखा ठरवताना साइट बहुधा सरळ रेषेतलं अंतर मोजते. पुण्यात बहुतेक वेळा त्यानं बिघडत नाही. उद्या मुंबईत शाखा काढल्या तर मात्र वर्सोव्याच्या माणसाला मढची शाखा सर्वांत जवळची म्हणून दिसेल. होडीनं ती काही मिनिटांवर आहे खरी, पण गाडीनं मालाडवरून वळसा घालून वीसेक किलोमीटर जावं लागतं. प्रत्येक शोधाला रस्त्याचं अंतर मोजायला पैसे पडतात. म्हणून सरळ रेषेनं पहिल्या तीन-चार शाखा दाखवाव्यात, एकच नाही, आणि निवड माणसावर सोडावी. आपला परिसर त्याला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो.

यादी नकाशाशिवायही पूर्ण वाचता आली पाहिजे. स्वस्त मोबाइलवर, गाडीत, जेमतेम नेटवर्कवर बरेच लोक हे पान उघडतात आणि नकाशा उतरेपर्यंत थांबत नाहीत. शिवाय गुगलचा नकाशा Maps JavaScript API वापरून पानात बसवला तर ठरावीक मर्यादेनंतर प्रत्येक उघडण्याचे पैसे लागतात. शाखेच्या पानावर नकाशाऐवजी एक दुवा पुरतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&destination=अक्षांश,रेखांश
```

तो दाबला की थेट मॅप्स उघडून रस्ता दाखवतं. फोन नंबरही दाबल्यावर लागेल असा `tel:` दुवा करून द्यावा.

पान सुरू झाल्यावरचं दुखणं वेगळं. दुकानं हलतात, बंद पडतात, हात बदलतात, आणि मुख्य कार्यालयाला ते सर्वांत शेवटी कळतं. शाखा त्याच गावात दुसऱ्या जागी गेली तर कोड तोच ठेवावा, पत्ता बदलावा आणि गुगलची नोंदही तीच ठेवून दुरुस्त करावी. नवी काढली तर आधीची परीक्षणं मागे राहतात. कायमची बंद झाली तर गुगलवर ‘कायमचं बंद’ अशी खूण करावी. आपल्या खात्यातून नोंद नुसती काढून टाकली तर ती नकाशावर मालकाविना तशीच राहू शकते. वेबसाइटवरचं पान लगेच उडवू नये. ‘ही शाखा बंद झाली, जवळची अमुक’ असं काही महिने तिथे असू द्यावं आणि मग ते शहराच्या पानाकडे वळवावं.

तपासणीसाठी दर तिमाहीला कार्यालयातल्या एका माणसानं तक्त्यातला प्रत्येक नंबर गिऱ्हाईक म्हणून फिरवावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: आज किती वाजेपर्यंत उघडं आहे, आणि कुठल्या खुणेवर यायचं. चाळीस फोन एका दुपारी होतात. उत्तर तक्त्याशी जुळलं तर त्या ओळीत तपासल्याची तारीख टाकावी. मेसेज पाठवून ‘माहिती बरोबर आहे ना?’ असं विचारण्यात काही अर्थ नाही. सगळे ‘हो’ म्हणतात.

या सगळ्यात सर्वांत अवघड गाठ तंत्राची नाही, मालकीची आहे. कोथरूडची फ्रँचायझी घेणाऱ्यानं स्वतःचा मोबाइल नंबर गुगलवर दिला, गिऱ्हाइकांनी तो जपून ठेवला. उद्या त्यानं फ्रँचायझी सोडून शेजारीच स्वतःच्या नावानं चहा सुरू केला, तर नंबर त्याचा, गुगलची नोंद त्याच्या ईमेलवर आणि तिथली शेकडो परीक्षणंही त्याच्याच ताब्यात. म्हणून प्रत्येक शाखेचा जाहीर नंबर कंपनीच्या नावावर घेऊन तो शाखेच्या मोबाइलवर वळवावा. गुगलच्या नोंदीची मालकी कंपनीकडे ठेवून शाखेला फक्त व्यवस्थापक म्हणून प्रवेश द्यावा, म्हणजे फोटो टाकणं, परीक्षणांना उत्तर देणं शाखेला करता येतं, पण नाव-पत्ता बदलला तर आपल्याला दिसतं. जुन्या शाखांकडून हे आता मागितलं तर कुरकुर होईल, आणि करारात काही लिहिलेलं नसेल तर त्यांची कुरकुर रास्तच आहे. त्यांच्याशी नूतनीकरणाच्या वेळी बोला. नव्या शाखेच्या बाबतीत मात्र करारावर सही होण्याआधी नंबर आणि गुगलची नोंद यांच्या मालकीची ही दोन कलमं वकिलाकडून त्यात घालून घ्या.